पंधरा लाखांच्या पगारावर किती वजावट लागेल?

"पगार १५ लाख आहे, ८०सी मध्ये दीड लाख गुंतवू का?"

आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाण वजावट जाऊन १४,२५,००० वर, उपकर सोडून, ९३,७५० रुपये कर येतो. जुन्या प्रणालीत तेवढाच कर यायचा असेल, तर ५०,००० च्या प्रमाण वजावटीखेरीज आणखी ५,४३,७५० रुपयांच्या वजावटी दाखवाव्या लागतात. ८०सी चे दीड लाख, गृहकर्जाचे दोन लाख व्याज, आरोग्यविम्याचे २५,००० आणि एनपीएसचे ५०,००० धरूनही बेरीज ४,२५,००० च होते; उरलेला फरक सहसा घरभाडे भत्त्यातूनच भरून निघतो. तो मिळत नसेल, तर केवळ करासाठी पैसे अडकवून एका रुपयाचीही बचत होणार नाही. मालकाचे एनपीएसमधील योगदान मात्र नव्या प्रणालीतही वजा होते (मूळ पगार व महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत), त्याची चौकशी आधी करावी.