अनुभव धागा: वावरात ऊन लागलं तेव्हा नेमकं काय दिसलं, काय केलं?

वावरातून

नवतपा लागला की कोणाला वाचायला सवड नसते, म्हणून धागा आधीच काढतोय. माझा अनुभव सांगतो, मग तुम्ही तुमचे लिहा. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं.

मागच्या मे महिन्यात चुलतभाऊ पुण्याहून बहिणीच्या लग्नासाठी आला होता. वय २७, अंगानं धडधाकट, पण वर्षभर एसीत बसून काम. लग्न आटोपल्यावर तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मोठ्या बाबांना शेणखत भरू लागतो." आठ वाजता टोपलं उचललं ते साडेबारापर्यंत. आम्ही मध्ये दोनदा निंबाखाली बसलो, हा बसला नाही. शहरातला म्हणून चिडवतील, एवढंच त्याच्या मनात.

बाराच्या सुमारास त्यानं डोकं दुखतंय म्हटलं, एकदा उलटी केली. मोठे बाबा म्हणाले, बस सावलीत. तो बसला नाही, उलट बैलावरच खेकसला. हा कधी कोणाला अरे म्हणणारा नाही. मग पाण्याची कॅन उचलून तोंडाला लावली, झाकण तसंच. दोनदा तिरपी केली. आम्ही हसलो. त्याला वाटलं पाणी संपलं, म्हणून कॅन फेकून तो विहिरीकडे निघाला, पण विहीर होती मागच्या बाजूला. वीस पावलांवर कोसळला.

अंग घामानं निथळत होतं. म्हणूनच मला वाटलं की ऊन लागलेलं नाही, अशक्तपणा असेल. ऊन लागलं की अंग कोरडं पडतं असं लहानपणापासून ऐकलेलं. दुपट्टा घट्ट गुंडाळला, तोंडात पाणी ओतलं (ठसका लागला), गाडीत टाकलं आणि काचा उघड्या ठेवून २२ किलोमीटर पळवलं. दवाखान्यात ताप १०६ फॅरनहाइट निघाला. डॉक्टरांनी सलाइनच्या आधी त्याचे कपडे काढले, चादर ओली करून टाकली, बर्फ मागवला. मग मला पहिला प्रश्न विचारला, "वावरात पाणी किती ओतलं?"

वाचला. सहा दिवस भरती होता, तीन दिवस लघवी चहासारखी काळपट आली, किडनीवर लक्ष ठेवावं लागलं. तो प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. पाणी विहिरीत होतं, मोटर चालू होती.

रात्रपाळीतली

मी ग्रामीण रुग्णालयात १४ वर्षांपासून नर्स आहे. भाऊ, कॅनचं झाकण हीच खरी खूण होती. घामावर जाऊ नका. म्हातारं माणूस घरात तापून पडतं तेव्हा अंग बहुतेक कोरडं सापडतं. राबणाऱ्या तरुणाला मात्र भरघोस घाम असूनही उष्माघात होतो. आम्ही बघतो ते डोकं. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, पायात गोळे, थकून बसणं, पण विचारलं तर गावाचं नाव, वार, घरी कोण आहे हे बरोबर सांगतो, तोवर तो उन्हाचा थकवा. असंबद्ध बोलायला लागला, विनाकारण चिडला, चाल डगमगली, झटका आला, शुद्ध हरपली, तर तो उष्माघातच समजायचा आणि १०८ ला फोन करायचा.

गाडी येईपर्यंत बसून राहायचं नाही. सावलीत घ्या, कपडे सैल करा आणि डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओतत राहा. मोटरचा पाइप सगळ्यात चांगला. तो नसेल तर बादली किंवा ओलं गोणपाट चालतं. मात्र गोणपाट नुसतं टाकून ठेवू नका, ते लगेच तापतं. सतत भिजवा आणि वरून वारा घाला. बर्फ असेल तर मान, काखा, जांघा. थंड पाण्यानं "झटका बसेल" ही भीती सोडा. मेंदू तापलेला राहण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे. गाडी हाताशी असली तरी दहा-पंधरा मिनिटं आधी पाणी ओता, मग वाटेतही ओतत न्या. तुमच्या २२ किलोमीटरांत तो तापतच राहिला होता. शुद्ध नसेल तर कुशीवर करा आणि तोंडात काही घालू नका. त्याला लागलेला ठसका म्हणजे पाणी श्वासनळीत चाललं होतं.

एक विनंती, फवारणीच्या पंपानं पाणी मारू नका. एकांनी तसं केलं होतं. टाकीत औषधाचा अंश होता, आम्हाला दोन गोष्टींवर उपचार करावे लागले.

कांदेवाला काका

बाईंचं बरोबर आहे, पण आमच्या आज्याच्या काळापासून खिशात कांदा असतो, आजवर आम्हाला लू लागली नाही. मी स्वतः वखर चालवताना ओआरएसचं एक पाकीट ग्लासात टाकून गटागट पितो, लगेच ताकद येते. आणि ताप वाटला तर पॅरासिटामॉल घेऊन टाकायची, हा माझा नियम. वावरात जाणं सकाळी सहाला आणि अकराला घरी, हेही पाळतो.

रात्रपाळीतली

काका, तुम्हाला लू लागत नाही ती अकराला घरी येता म्हणून. कांद्याची भाजी करा, खिशात त्याचा काही उपयोग नाही. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. ते ग्लासात टाकलं की मीठ-साखर इतकी घट्ट होते की पोटात मळमळ होते, जुलाबही लागतात, म्हणजे पाणी आणखीच जातं. ताकद वाटते ती साखरेची. लहान पाकिटं २०० मिलीची मिळतात, ग्लासाला ती घ्या. पॅरासिटामॉल संसर्गाच्या तापावर काम करते, उन्हानं तापलेल्या शरीरावर नाही. वर यकृताला ताण.

फळीवरची

आमचा भाग गडचिरोलीकडचा. तेंदूपत्त्याचे दिवस मे महिन्यातले. आम्ही पहाटे चारला जंगलात, दहापर्यंत पानं तोडून परत, मग घरी बसून पुडे बांधायचे, एका पुड्यात सत्तर पानं, आणि दुपारनंतर फळीवर, म्हणजे पानं गोळा करतात त्या जागी, न्यायचे. ऊन तसं चुकतं, पण एकदा मला खूप लांब जावं लागलं, बारा वाजले. मी पाणी भरपूर प्याले होते, जवळजवळ तीन लिटर, माठातलं साधं. तरी पोटऱ्यांत असे गोळे आले की रस्त्यातच बसले. मले वाटलं पाणी कमी पडलं, म्हणून आणखी प्याले, मळमळ वाढली.

आशाताई आली. म्हणे, "तुझ्या अंगातलं मीठ घामात गेलं, तू वरून नुसतं पाणी ओततेस." पाकीट नव्हतं. तिनं एक लिटर पाण्यात साखरेचे सहा चहाचे चमचे आणि मीठ अर्धा चमचा घातलं. चमचे सपाट, शीग नाही. चव घेऊन बघितली, डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागायला नको म्हणून. सावलीत आडवं करून पाय उंचावर ठेवले, ओला शेला अंगावर. घोट घोट, पाच-पाच मिनिटांनी. एकदम दिलं असतं तर उलटीच झाली असती. तासाभरात उठून बसले. संध्याकाळी चालत घरी. आता मडक्यात पाणी नेतेच, पण कनवटीला मीठ-साखरेची पुडी बांधलेली असते. कैरीचं पन्हं आणि अंबाडीचं सरबत घरी असतंच, पण त्यात मीठ घालायला विसरले तर ते नुसतं गोड पाणीच.

म्हशीवाला

आमच्या म्हशीला पण ऊन लागतं हो. गेल्या वर्षी जीभ बाहेर काढून धापत होती, दूध निम्म्यावर आलं. म्हशीला घाम फारसा येत नाही, म्हणून ती डबक्यात लोळते. मग तिला ओआरएस द्यावं का? किती पाकिटं? कोणी सांगेल का?

रात्रपाळीतली

म्हशीचं पशुवैद्यकाला विचारा दादा. पण तिचं डबकं बघून आपण बरंच शिकू शकतो.

टिनाखाली

आमचं घर टिनाचं, गाव ब्रह्मपुरी तालुक्यात. इथं पारा ४६ पर्यंत चढतो. आईला दुपारी टेबल पंखा लावून झोपवायचो. चार वाजता उठवायला गेलो तर बडबड सुरू, मला मामाच्या नावानं हाक मारली. अंग कोरडं, तापलेलं. दवाखान्यात सांगितलं की हवा अंगापेक्षा गरम असली की नुसता पंखा अंगावर गरम हवाच मारतो. अंग ओलं असेल तरच पंखा गार करतो. आता आईच्या अंगावर ओलं सुती लुगडं आणि समोर कूलर. आमची हवा कोरडी, त्यामुळे पाणी भराभर उडतं, गार वाटतं. मृगाचं पाणी पडून हवा दमट झाली की हाच उपाय तितका चालत नाही, हेही बघितलं.

गोळीवाली

माझ्या सासूबाईंना बीपी आहे. रोज एक गोळी बीपीची आणि एक लघवी जास्त होण्याची. मीठ कमी खा म्हणतात. आता ओआरएसमध्ये तर मीठ आहे. वावरात जातात त्या, थांबत नाहीत. दिलं तर बीपी वाढेल, नाही दिलं तर? दोन डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या.

रात्रपाळीतली

लघवीची गोळी घेणाऱ्यांना ऊन लवकर लागतं, एवढं मी खात्रीनं सांगते. पण गोळीचं प्रमाण उन्हाळ्यात बदलायचं की नाही, हे धाग्यावर मी सांगणार नाही. ज्यांनी गोळी लिहिली त्यांच्याकडेच उन्हाळा सुरू होण्याआधी जा, सासूबाई दिवसभरात किती काम करतात हेही सांगा. गोळी आपल्या मनानं बंद करू नका. साखरेच्या रुग्णांचंही तेच, कारण पाकिटात साखर असते.

गोळीवाली

गेलो होतो, ते म्हणाले "उन्हात जाऊ देऊ नका." सासूबाईंना कोण अडवणार?

दुकानदार

माझं मेडिकल आहे. लोक "ओआरएस द्या" म्हणतात आणि फ्रिजमधला गोड ज्यूसचा डबा उचलतात. पाकिटावर एक लिटर पाण्यात विरघळवा असं लिहिलेलं बघा. साखर जास्त आणि क्षार कमी असलेल्या पेयांवर ओआरएस हे नाव लिहायला २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं मनाई केली, तरी सवय जात नाही. स्वस्त पाकीट मागितलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं.

वावरातून

एक राहिलंच. डॉक्टर म्हणाले, याला पुढे काही काळ उन्हात राबू देऊ नका, एकदा झालं की पुन्हा लवकर होतं. मी विचारलं, मग सवय कशी लागणार? तर म्हणाले, पहिल्या दिवशी तासभर, मग रोज थोडं वाढवत, आठ-पंधरा दिवस लागतात. आमचा तिसऱ्याच दिवशी साडेचार तास राबला.

यंदा निंबाखाली २०० लिटरचा ड्रम भरून ठेवलाय, शेजारी बादली आणि दोन गोणपाटं. मोठे बाबा रोज कुरकुरतात की त्यातलं पाणी बैलंच पितात. मी रोज पुन्हा भरतो.