कॅमेरा आला, अहवाल आला, कटती होती तिथंच

मंगरूळपीरकर: आमच्या शेतकरी कंपनीत सोयाबीनची प्रत पाहणारा एआयचा कॅमेरा फेब्रुवारी ते एप्रिल फुकटात चालवून पाहिला. अहवाल आला: ९३ टक्के अचूक. आता हंगामाचे तीन महिने वापरायचा तर महिन्याला १५ हजार मागतात. सहा संचालक हो म्हणतात, पाच नाही. पैसा वसूल होतो का, हे मोजायचं कसं? आणि असे प्रयोग चाचणीतच काऊन अडकतात?

कोडवाला पोरगा: मी नागपूरला याच कामात आहे. बहुतेक वेळा डेटाचा घोळ असतो. फेब्रुवारीत गोदामातला वाळलेला माल असतो. ऑक्टोबरात शेतातून थेट येतो तो ओला, काडीकचऱ्याचा, पावसात सापडलेला असला तर काळवंडलेला. कॅमेऱ्याने तसा दाणा पाहिलाच नसेल तर चुकणारच. हंगामातले दोनेक हजार फोटो घेऊन पुन्हा शिकवा, काम होईल.

खामगावचा अडत्या: पोरा, फोटो काढून सोयाबीन विकत नाही. मी तीस वर्षं झाले मूठ भरून पायतो. दाताखाली दाणा धरला की हवा म्हंजे ओल किती हाय ते समजते. तुमच्या कॅमेऱ्याले दात हायेत का?

कोडवाला पोरगा: काका, तुमच्या दातांची चाचणी कोणी घेतली का कधी?

प्लांटवाली ताई: भांडू नका, काकांनी चेष्टेत खरं तेच सांगितलं. मी आठ वर्षं तेलाच्या प्लांटवर माल उतरवून घेताना नमुने तपासले, आता दोन शेतकरी कंपन्यांचं काम पाहते. प्लांटचा सौदा १०-२-२ वर होतो: हवा १० टक्के, माती २, डागी म्हणजे खराब दाणे २. कॅमेऱ्याला माती दिसते, डागी दिसतो. हवा दिसत नाही. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात सगळं भांडण हवेचं असतं. २०२४ ला सरकारी खरेदीतसुद्धा ओलाव्याची अट १२ वरून १५ टक्क्यांवर न्यावी लागली होती, ती उगाच नाही.

त्या ९३ चंही एक पाहा. शंभर दाण्यांत ९३ चांगले असतील, तर डोळे मिटून सगळ्यांना चांगलं म्हणणाराही ९३ टक्के अचूकच ठरतो. विचारायचं ते असं: शंभर डागी दाण्यांपैकी तुम्ही किती धरले, आणि चांगल्या दाण्याला डागी किती वेळा म्हटलं?

मंगरूळपीरकर, मला एकच सांगा. चाचणीच्या तीन महिन्यांत भाव कोणी ठरवला, कॅमेऱ्याने की तुमच्या माणसाने?

मंगरूळपीरकर: माणसानेच. कॅमेऱ्याचा आकडा वहीत शेजारच्या रकान्यात लिहून ठेवत होतो.

प्लांटवाली ताई: मग फायदा दिसणार कुठून? कॅमेऱ्यामुळे एका पोत्याचाही भाव बदलला नाही. आकडा माणसाशी जुळतो का, एवढंच तुम्ही तपासलं. चाचण्या अडकण्याचं मी पाहिलेलं सगळ्यात मोठं कारण हेच. अनुदान असेपर्यंत रकाना भरतो, अनुदान संपलं की कोणी विचारतं ‘याने काय झालं?’ आणि कोणाकडेच उत्तर नसतं. माणूस म्हणाला डागी दोन आणि कॅमेरा म्हणाला पाच, तर शेवटचा शब्द कोणाचा, हे तुमच्याकडे ठरलं होतं का?

वरूडचा संत्रावाला: आमच्याकडं संत्र्याचा आकार मोजणारं मशीन आणलं होतं भाऊ. लाइट गेली का फळ पट्ट्यावरच. तुम्ही जनरेटर घेऊन ठेवा पहिले.

मंगरूळपीरकर: भाऊ, लाइटचा प्रश्न वेगळा, पण इन्व्हर्टर धरला आहे. ताई, नव्हतं ठरलं. संचालकांपैकी कोणी ते अंगावर घ्यायला तयार नव्हतं. गेल्या हंगामाच्या प्लांटच्या पावत्या काढल्या. चाळीस ट्रक, सहा हजार क्विंटल. प्लांटने भावातून कापलेली कटती सरासरी क्विंटलमागे ६५ रुपये. हवेची ४५, मातीची १२, डागीची ८.

प्लांटवाली ताई: वसुलीचं मोजमाप तुमच्या या पावत्यांतच आहे. ६५ पैकी कॅमेऱ्याच्या हातातले रुपये २०. त्यातली निम्मी कटती वाचली असं उदार मनाने धरू. क्विंटलला १० रुपये, सहा हजार क्विंटलला ६० हजार. आता खर्च. भाडं तीन महिन्यांचं ४५ हजार. नमुना ताटात पसरून फोटो काढायला एक मुलगी लागेल, १२ हजारांप्रमाणे ३६ हजार. इन्व्हर्टर नि नेटचे ८ हजार धरा. एकूण ८९ हजार. म्हणजे २९ हजारांचा खड्डा. तुमची खरेदी ८,९०० क्विंटलवर गेली तर बरोबरी. कंपनीवाल्यांनी त्या मुलीचा पगार धरला होता का, अहवालात पाहा.

अजून एक, जे मला जास्त टोचतं. डागी सापडला म्हणून तुम्ही शेतकऱ्याचा भाव १० रुपयांनी कापला, तर कंपनीचे १० वाचले आणि सभासदाचे १० गेले. प्लांटला माल तोच गेला. खरा फायदा तेव्हाच, जेव्हा चांगला माल वेगळ्या थप्पीला लागून वेगळ्या भावाने विकला जाईल, किंवा माती निघाल्यावरच ट्रक भरेल. मातीसाठी तर चाळणी पुरते. हवेसाठी चांगलं मीटर आणि एक दिवस वाळवायला खळं.

हो म्हणणारा संचालक: मी त्या सहांतला. ताईंचा हिशेब बरोबर आहे, पण अपुरा. आमच्या गावात शेतकरी कंपनीकडे येत नाही, कारण त्याला वाटतं संचालकाच्या भावकीचा माल चांगला आणि याचा डागी. स्क्रीनवर त्याच्या समोर आकडा आला तर तो भांडत नाही. एप्रिलमध्ये मी डोळ्यांनी पाहिलं. एक म्हातारे बाबा स्वतः ताटावर वाकले, लाल गोल केलेले दाणे बोटाने मोजले, सात निघाले, आणि ‘बरोबर हाय’ म्हणून सही केली. सहा हजारांचे नऊ हजार क्विंटल याच विश्वासाने होतील.

खामगावचा अडत्या: अन् पोत्यात परखी खुपसतो कोण? तुमचाच माणूस ना? वरून काढला तर चांगला, बुडातून काढला तर माती. कॅमेरा ताट पायतो, पोतं नाही.

प्लांटवाली ताई: काका, या मुद्द्यावर तुम्हाला दहापैकी दहा. नमुना चुकला तर पुढचं सगळं व्यर्थ.

संचालक दादा, विश्वासाचा फायदा मी नाकारत नाही, पण तोही मोजा. नमुना दाखवून भाव ऐकल्यावर किती गाड्या परत फिरल्या, एवढीच वही ठेवा. हंगामाचे पहिले चार आठवडे एक दिवस कॅमेऱ्याचा आकडा अंतिम, एक दिवस माणसाचा. दोन्ही दिवसांचे ट्रक वेगळे भरा आणि प्लांटच्या कटतीच्या पावत्या शेजारी लावा. किती फरक आला म्हणजे कॅमेरा ठेवायचा, तो आकडा आधीच ठरावात लिहा, नाहीतर नंतर प्रत्येकजण आपल्या सोयीचा काढतो.

खामगावचा अडत्या: चार दिवसांत साऱ्या गावाले समजते कोणत्या दिवशी कोण भाव पायते. ज्याचा माल खराब, तो माणसाच्या दिवशी येईन. मग तुमच्या पावत्यांचं काय?

कोडवाला पोरगा: चिठ्ठी टाका. सकाळी काटा सुरू झाल्यावरच कळेल आज कोण.

खामगावचा अडत्या: मग ज्याचा माल खराब, तो दुपारी येईन.

प्लांटवाली ताई: गाडीगणिक चिठ्ठी टाकली तर जमेल, पण मग ट्रक वेगळे भरायला दोन थप्प्या लागतात. मंगरूळपीरकर, गोदामात जागा आहे का?

मंगरूळपीरकर: एकाच थप्पीपुरती. शनिवारी मीटिंग आहे, पावत्या घेऊन जातो. मीटरचा भाव कोणाला माहीत असेल तर टाका.