मदत हवी आहे: रोटाव्हायरस लसीचा टेस्ट-निगेटिव्ह अभ्यास, पद्धती विभागात गृहीतके कशी लिहू?

गोदाकाठची
नाशिकला बालरोग विभागात एमडीचं दुसरं वर्ष चालू आहे. थेसिससाठी रोटाव्हायरस लसीची परिणामकारकता काढायची आहे. जुलाबासाठी दाखल झालेल्या पाच वर्षांखालच्या मुलांच्या शौचाचा नमुना एलायझाने तपासायचा. पॉझिटिव्ह आले ते केस, निगेटिव्ह आले ते कंट्रोल. लसीकरण कार्डावरून डोस बघायचे आणि VE = (1 − OR) × 100.

गाईडनी मसुदा परत पाठवलाय. "दवाखान्यात येण्याच्या सवयीतला फरक या रचनेमुळे नाहीसा होतो" या वाक्याखाली लाल रेघ आणि शेजारी "कशावरून? गृहीतके लिहा." पाठ्यपुस्तकातली यादी उतरवली तर ते पुन्हा परत पाठवतील हे नक्की. नेमकं काय लिहायचं?

आकडेमोड
आधी मूळ अडचण बघा. ऑड्स रेशो हा आजार दुर्मिळ असेल तरच जोखमीच्या गुणोत्तराच्या जवळ जातो. तुमच्या वॉर्डात हिवाळ्यात जुलाबाच्या मुलांपैकी मोठा वाटा रोटाचा असणार. म्हणजे तुमची परिणामकारकता फुगून येईल. त्यापेक्षा अंगणवाडीतली निरोगी मुलं कंट्रोल म्हणून घ्या.

ओझरचा_बाबा
माझ्या मुलीला तिन्ही डोस वेळेवर दिले होते, तरी जानेवारीत जुलाब होऊन सलाईन लावावं लागलं. मग लस चालत नाही असंच ना? अभ्यास कशाला?

साथपाहणी
@ओझरचा_बाबा, जुलाब डझनभर कारणांनी होतात, ही लस फक्त रोटाव्हायरससाठी आहे. आणि रोटासाठीही ती शंभर टक्के नाही. आपल्याकडच्या रोटाव्हॅकच्या चाचणीत (पुण्याजवळचं वढू त्यातलं एक केंद्र होतं) पहिल्या वर्षात तीव्र रोटा-जुलाबाविरुद्ध साधारण ५६ टक्के संरक्षण दिसलं. मुलगी आता बरी असेल अशी आशा.

@आकडेमोड, दुर्मिळतेचा नियम इथे लागत नाही. या रचनेत कंट्रोलचं काम एवढंच की, "आजारी पडलं तर याच रुग्णालयात आलं असतं अशा मुलांपैकी या महिन्यात किती जणांना लस मिळालेली आहे" हे सांगणं. ते नीट सांगत असतील तर ऑड्स रेशो थेट दरांचं गुणोत्तर देतो, वॉर्डात रोटा दहा टक्के असो की चाळीस. अंगणवाडीतलं निरोगी मूल हे सांगू शकत नाही, कारण त्याचे आईबाप जुलाब झाल्यावर इथे आणतील की गावातल्या डॉक्टरकडे नेतील हे आपल्याला कुठे माहीत? पण तुमच्या शंकेत एक खरी गोष्ट आहे: वेळ. रोटा थंडीत चढतो, इतर जुलाब पावसाळ्यात. केस डिसेंबरातल्या आणि कंट्रोल जुलैतले असं झालं तर तुलना मोडते. म्हणून वर्ष-महिना मॉडेलमध्ये हवाच, आणि वयही महिन्यांत.

```
library(splines)
glm(rota ~ vacc + ns(age_m, 3) + factor(adm_ym),
    family = binomial, data = d)
```

@गोदाकाठची, प्रत्येक गृहीतकाला तीन वाक्यं द्या: काय मानलं, ते टिकावं म्हणून आम्ही काय केलं, आणि मोडलं तर उत्तर कोणत्या बाजूला सरकेल. गाईडना तिसरं वाक्य हवं असतं आणि थेसिसांत नेमकं तेच गायब असतं.

पहिलं गृहीतक: लसीचा इतर जुलाबांवर परिणाम नाही. लसीने दुसऱ्या जंतूंचे जुलाबही कमी होत असतील, तर कंट्रोलमध्ये लस घेतलेली मुलं कमी पडतील आणि परिणामकारकता खरी आहे त्यापेक्षा कमी दिसेल.

दुसरं: नमुना घेण्याचा निर्णय लसीवर अवलंबून नाही. कागदावर सोपं, वॉर्डात अवघड. रात्रपाळीचा रेसिडेंट "याला तिन्ही डोस आहेत, रोटा कशाला असेल" म्हणून नमुना पाठवत नाही, असं सर्रास होतं. तिथे अभ्यासात कोण येणार हेच लसीने ठरायला लागतं. म्हणून व्याख्येत बसणाऱ्या प्रत्येक मुलाचा नमुना दाखल झाल्यापासून ४८ तासांत, नाहीतर वॉर्डात लागलेला संसर्गही मोजला जाईल. ज्यांचा राहिला त्यांचीही नोंद ठेवा. नमुना घेतलेल्या आणि राहिलेल्या मुलांत लसीचं प्रमाण सारखं नसेल तर गडबड तिथेच दिसते.

तिसरं: चाचणी. समजा १०० खऱ्या केसमध्ये ७० लसवंत, ३० बिनलसीचे. ३०० कंट्रोलमध्ये २५२ आणि ४८. ऑड्स रेशो ०.४४, परिणामकारकता ५६ टक्के. आता एलायझाने दहा टक्के खऱ्या केस निगेटिव्ह दाखवल्या, तर आकडा ५४ वर येतो, फारसं बिघडत नाही. पण दहा टक्के कंट्रोल चुकून पॉझिटिव्ह आले तर ४८. कारण कंट्रोल तिप्पट आहेत, त्यांच्यातली थोडी भेसळही केसच्या गटात मोठी ठरते. म्हणून खोटे पॉझिटिव्ह आवरा. लस जिवंत आणि तोंडावाटे असल्याने डोसनंतर लसीचाच विषाणू शौचातून पडू शकतो. लक्षणं सुरू होण्याआधीच्या १४ दिवसांत डोस झाला असेल तर ते मूल वगळा.

आणि "नाहीसा होतो" ऐवजी "कमी होतो" लिहा. सगळेच दवाखान्यात आलेले आहेत, एवढाच तो फायदा. आलेल्यांतही घरची परिस्थिती, अंतर, आईचं शिक्षण यांत फरक उरतोच.

दिंडोरी_पीएचसी
कार्डाचं काय करणार? रोटाचा मोसम आणि द्राक्षाचा हंगाम एकदमच येतो. सुरगाणा-पेठकडची कुटुंबं बागांवर कामाला आलेली असतात, कार्ड गावी पत्र्याच्या पेटीत. तीच मुलं बऱ्याचदा बिनलसीची. त्यांना वगळलंत तर उत्तर चुकणारच.

साथपाहणी
चुकेलच असं नाही. कार्ड नसणं लसीशी जोडलेलं असलं, तरी लसवंतांत आणि बिनलसीच्यांत, दोन्हीकडे, केस आणि कंट्रोलमध्ये ते सारख्याच प्रमाणात असेल तर ऑड्स रेशो हलत नाही. मात्र बिनलसीची मुलं आधीच थोडी, ती आणखी घटली की विश्वास-अंतर भलतंच रुंद होतं. खरा घोळ होतो तो पॉझिटिव्ह रिपोर्ट आल्यावर त्याच मुलाच्या कार्डासाठी फोनवर फोन केले तर. त्यामुळे कार्डाचा फोटो रिपोर्ट येण्याआधी, आणि नसेल तर एएनएमताईंच्या रजिस्टरची चौकशी सगळ्यांसाठी सारखीच.

दिंडोरी_पीएचसी
रजिस्टरमध्ये स्थलांतरितांची नोंद सापडेलच असं नाही, आणि नोंद नाही म्हणजे डोस नाही असं धरू नका. बाकी पटलं. "स्थलांतरित" हा रकाना मात्र फॉर्मात ठेवाच, त्यांच्या वस्तीवर पाण्याची तऱ्हा वेगळी असते.

गोदाकाठची
तीन वाक्यांचा साचा उपयोगी आहे, आजच लिहायला घेते. दोन प्रश्न उरले. डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना, मग किमान वय किती ठेवू? आणि एक-दोनच डोस झालेली मुलं कुठे घालू?

साथपाहणी
सहा महिन्यांपासून पुढे घ्या. आपल्याकडे तिसरा डोस लांबतो, आणि त्याआधीच्या वयात "लस नाही" म्हणजे बरेचदा "अजून वेळ आली नाही" एवढंच असतं. अर्धवट डोसवाली मी मुख्य विश्लेषणातून काढीन आणि वेगळ्या तक्त्यात दाखवीन.

आकडेमोड
दुर्मिळतेबद्दल मान्य. पण अर्धवटवाली काढू नका. आधीच बिनलसीची मुलं मोजकी, त्यात हीही गेली तर उरतं काय? शून्य, एक, दोन, तीन असे गट ठेवा.

साथपाहणी
गट ठेवले म्हणून बिनलसीची मुलं वाढत नाहीत. शिवाय एक डोस घेऊन थांबलेलं कुटुंब आणि तिन्ही घेणारं कुटुंब सारखं नसतं, त्या फरकाला तुम्ही डोसचा परिणाम म्हणाल. तरी हा निर्णय गाईडशी बोलून माहिती गोळा होण्याआधी प्रोटोकॉलमध्ये लिहून टाका, नंतर आकडे बघून नको.