इलॅस्टिकच्या दोऱ्याने चुण्याच पडत नाहीत, मदत हवी आहे

माळवाकन्या:
इंदूरच्या उन्हात भाचीला घालायला बिनबाह्यांचा टॉप शिवतेय. एम. टी. क्लॉथ मार्केटमधून बाग प्रिंटचं सुती कापड आणलं. छातीवर शिरिंग करायचं आहे, म्हणून बॉबिनमध्ये इलॅस्टिकचा दोरा आणि वर साधा दोरा घेतला. भाचीची छाती 34 इंच, टॉप न ताणता 29 च्या आसपास यायला हवा, म्हणून पट्टा 48 इंचांचा कापला. आठ ओळी मारून झाल्या तरी तो 41 इंचच! मशीन आईचं जुनं काळं, पायाचं. टाका रोजचाच ठेवला होता. वाफ दिली की आकसतं म्हणतात, पण बारा इंच आकसेल का? की उसवू?

सुईदोरा_बडोदा:
बॉबिन भरताना इलॅस्टिक चांगलं ताणून भरा. मी तसंच करते, भरपूर चुण्या येतात.

घाईची_आई:
ताई, शिरिंग केलेलं तयार कापड मीटरवर मिळतं. मी मुलीला त्याचाच फ्रॉक शिवला, अर्ध्या तासात झाला. एवढी खटपट कशाला?

माळवाकन्या:
अहो, कापड आणून ठेवलंय, तेच वापरायचं आहे :)

कातरवाली_काकू:
अगं, आधी एक सांग. इलॅस्टिक बॉबिन केसच्या पत्तीखालून घेतलंस, की नुसतंच बाहेर काढलंस?

माळवाकन्या:
काकू, ते जाड असल्यामुळे पत्तीखाली अडकत होतं. मग तसंच मोकळं सोडलं.

कातरवाली_काकू:
मग दुखणं तिथेच आहे. पत्तीने धरलं, तरच शिवताना इलॅस्टिक ताणलं जातं आणि टाका पडल्यावर मागे खेचतं. तुझं ढिलंच शिवलं गेलं. वाफ काही बारा इंच ओढणार नाही. ताण मुळातच नसेल, तर ती आकसवणार काय?

पत्तीवरचा छोटा स्क्रू पाव फेरा सैल कर, म्हणजे दोरा खाली सरकेल. आता टोक धरून ओढून बघ. सुटताना थोडं लांबलं पाहिजे. घसरत आलं तर स्क्रू किंचित आवळ, अडकलं तर आणखी सैल कर. स्क्रू आधी कुठे होता ते पेनाने खूण करून ठेव, नाहीतर नंतर साधी शिलाई बिघडते आणि मशीनच्या नावाने बोटं मोडतो आपण.

टाकाही मोठा हवा, 4 मिलिमीटर. या मशीनवरच्या आकड्यांवर जाऊ नकोस. चिंधीवर शिवून 2 सेंटिमीटरमध्ये पाच टाके येतात का ते मोज. बारीक टाक्याने कापड जागच्या जागी बांधलं जातं, चुणीला वावच राहत नाही.

पहिली ओळ फारशी ओढत नाही, घाबरू नकोस. दुसऱ्या ओळीपासून कापड दोन्ही हातांनी सपाट ताणून शिव, नाहीतर चुण्या टाक्याखाली दुमडतात. टोकांना उलट टाके मारू नकोस, तीन इंच सोडून दोन्ही दोऱ्यांची गाठ मार आणि बाजूच्या शिलाईत धर. बॉबिन ओळीच्या मध्ये संपू देऊ नकोस.

सुईदोरा_बडोदा:
पण काकू, ताणून भरलेलं माझ्या मशीनवर चालतं की!

कातरवाली_काकू:
चालत असेल, मशीन-मशीनचा स्वभाव वेगळा. माझ्याकडे मात्र बॉबिनभर ताण एकसारखा राहत नाही, एक ओळ आवळ, दुसरी ढिली. मी हाताने सैलच भरते.

माळवाकन्या:
उसवलं. वरचा दोरा ठिकठिकाणी कापला, तर इलॅस्टिक मागून सुळकन निघालं. 20 सेंटिमीटरच्या तुकड्यावर 4 मिलिमीटरच्या टाक्याने चार ओळी मारल्या, तुकडा 13 वर आला. वाफ दिली आणि डोळ्यांदेखत आकसत 11 झाला! आता 48 चे साधारण 26 होतील. चालेल?

कातरवाली_काकू:
अंगात जाईल, पण घामात दिवसभर रुतेल. 3.5 चा टाका घेऊन आणखी एक तुकडा कर. आणि वाफ देताना इस्त्री कापडाला टेकवू नकोस, बोटभर वर धर. एकदा मी दाबून फिरवली होती, चुण्या चपट्या झाल्या आणि इलॅस्टिकचा जीवच गेला.

माळवाकन्या:
3.5 वर वाफेनंतर 12 आलं, म्हणजे 48 चे जवळपास 29. हेच हवं होतं! वाफेची इस्त्री शेजारून आणलीये, उद्या शिवते.

पैठणी_ते_पायजमा:
माहेश्वरी कापडावर असं होईल का? रेशमाच्या ताण्यामुळे सुईची भोकं दिसतील अशी भीती वाटते.

कातरवाली_काकू:
मी केलेलं नाही. काठाजवळच्या चिंधीवर आधी बघ, आणि सुई नवी बारीक घाल.

सुईदोरा_बडोदा:
धुतल्यावर वाफेने आलेली चुणी टिकते का? माझी दोन धुण्यांत सैलावली होती.

माळवाकन्या:
माझा तुकडा बादलीत टाकलाय. वाळला की मोजून सांगते.