मदत हवी आहे: पहिल्या वर्षाला आहे, इंटर्नशिपच्या रेझ्युमेत काय लिहू?

मिरजकर_०७
सांगलीला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. जूनच्या सुट्टीत इंटर्नशिप करायची आहे. रेझ्युमे दोन पानं भरलाय, पण कुठूनच उत्तर येत नाही. क्लब टाकलेत, सगळे विषय टाकलेत, मार्क पण टाकलेत. अजून काय टाकायचं असतं? परवा एका ठिकाणी द्यायचाय, प्लीज लवकर सांगा.

हरिपूरचा_सुम्या
ब्रँच कुठली? कसल्या कंपनीत पाठवतोयस? मार्क किती? यातलं काहीच सांगितलं नाहीस, लोकांनी सांगायचं काय?

मिरजकर_०७
मेकॅनिकल. कंपनी कुठली पण चालेल. दहावी ८९ टक्के, बारावी ६८, सीईटी ९३.१. पहिल्या सेमिस्टरला ७.१.

स्नेहल_बाणेर
मी पुण्यात आयटीत आहे, रेझ्युमे रोज बघते. दहावी, बारावी, सीईटी सगळं काढून टाक, कुणी वाचत नाही. एकच पान ठेव. वर स्किल्सचा ठळक रकाना कर, त्यात पायथॉन, सॉलिडवर्क्स, सीएनसी, एक्सेल असे शब्द हवेत. सॉफ्टवेअर आधी शब्द शोधतं, माणूस नंतर बघतो. गिटहबची लिंक दे.

अण्णा_तासगाव
बाळा, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. डिप्लोमा झाला, अर्ज लिहिला आणि अप्रेंटिस म्हणून लागलो. दर महिन्याला स्टायपेंड हातात. तू अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर नाव घाल, रेझ्युमेच्या नादाला लागू नकोस.

हरिपूरचा_सुम्या
अण्णा, ती अप्रेंटिसशिप साधारण डिप्लोमा नाहीतर डिग्री झाल्यावरची. हा पहिल्या वर्षाला आहे, त्याला सुट्टीतला महिना-दीड महिना काढायचाय.

कुपवाड_क्वालिटी
मी कुपवाड एमआयडीसीत मशीन शॉपला क्वालिटी बघतो. कास्टिंग येतात, आम्ही मशीनिंग करून देतो. उन्हाळ्यात इंटर्न घ्यायचे की नाही ते माझ्याकडेच येतं. एकच पान ठेव, हे स्नेहलताईंचं बरोबर. पण न येणाऱ्या गोष्टी स्किल्समध्ये अजिबात लिहू नकोस. मागे एकाने सीएनसी लिहिलं होतं. जी-झीरो आणि जी-वनमध्ये फरक काय, एवढंच विचारलं. गप्प. नुसत्या जागा बदलायच्या वेळी टूल वेगात धावतं आणि कापताना ठरलेल्या फीडने चालतं, एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. त्यानंतर त्याच्या बाकीच्या कागदावर माझा विश्वास राहिला नाही.

आता मला सांग, क्लबखाली नेमकं काय लिहिलंयस? जसंच्या तसं टाक.

मिरजकर_०७
"रोबोटिक्स क्लब, अ‍ॅक्टिव्ह मेंबर. टीमवर्क, लीडरशिप, प्रॉब्लेम सॉल्व्हिंग." आणि "एनएसएस स्वयंसेवक." विषयांच्या खाली पहिल्या वर्षाचे सगळे विषय आहेत, फिजिक्स-केमिस्ट्रीपासून.

कुपवाड_क्वालिटी
क्लबमध्ये तुझ्या हातून काय झालं?

मिरजकर_०७
लाइन फॉलोअर केला होता. कोडिंग दुसऱ्याने केलं. माझ्याकडे गाडीची बॉडी होती. वळणावर गाडी पट्टी सोडायची. आधी सगळ्यांना कोडचाच दोष वाटला. मी बघितलं तर सेन्सर जमिनीपासून फार वर होते. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीचा नवा ब्रॅकेट कापला, भोकं पाडली आणि सेन्सर साधारण १ सेंमी उंचीवर आणले. मग वळायला लागली.

कुपवाड_क्वालिटी
हे सगळं सोडून तू "टीमवर्क" लिहिलंस! हेच लिही. "लाइन फॉलोअर रोबोट: चासी आणि सेन्सर ब्रॅकेट बनवला. वळणावर पट्टी सुटण्याचं कारण सेन्सरची उंची आहे हे शोधलं, ब्रॅकेट बदलून ती १ सेंमीवर आणली." दोन ओळींत कळतं की पोरगं दोष शोधतं, मोजतं आणि दुरुस्त करतं. आमच्याकडे दिवसभर हेच काम असतं. कोडिंग तुझं नाही तर ते लिहू नकोस, विचारलं तर सरळ सांग.

विषयांचं तसंच. केमिस्ट्री मला काय करायची? ग्राफिक्स आणि वर्कशॉप एवढेच ठेव, पण त्यात केलेलं काम लिही. फिटिंगचा जॉब कसला होता?

मिरजकर_०७
एमएसच्या दोन तुकड्यांचा व्ही जॉइंट. फायलिंग, हॅकसॉ, ड्रिलिंग. ट्राय स्क्वेअरने काटकोन तपासला, व्हर्नियरने मापं घेतली. ग्राफिक्सला एए ग्रेड आहे, ते मार्कांत दिसत नाही.

कुपवाड_क्वालिटी
मग ती ग्रेड विषयापुढेच लिही. माझ्यासाठी ७.१ पेक्षा तो एए मोठा आहे, कारण इंटर्नच्या हातात मी पहिल्यांदा ड्रॉइंग देतो. फर्स्ट अँगलचं चिन्ह ओळखता येतं का आणि व्हर्नियरचा लीस्ट काउंट किती, हे दोन प्रश्न येणारच. कॉलेजच्या व्हर्नियरवर बहुतेक ०.०२ मिमी असेल, पण जाऊन बघून ये.

मार्क असे लिही: पहिलं सेमिस्टर, एसजीपीए ७.१/१०. त्याला सीजीपीए म्हणू नकोस, एकच सेमिस्टर झालंय. सीईटी पीसीएम ९३.१ पर्सेंटाइल, "९३ टक्के" नाही. परीक्षेला बसलेल्या ९३.१ टक्के मुलांच्या बरोबरीला किंवा पुढे आहेस, एवढाच त्याचा अर्थ. टक्के लिहिलेस आणि बारावी ६८ शेजारी असली की वाचणाऱ्याला घोळ वाटतो.

हरिपूरचा_सुम्या
७.१ चे टक्के काढून लिहायचे का? मी १० ने गुणून ७१ लिहायचो.

कुपवाड_क्वालिटी
नको. प्रत्येक विद्यापीठाचं सूत्र वेगळं असतं. फॉर्ममध्ये टक्केच मागितले तर कॉलेजला विचारून त्यांच्याच सूत्राने काढायचे.

स्नेहल_बाणेर
तरी माझं म्हणणं, ६८ कशाला दाखवायचे? कुणी मागितलेत का? सीईटी चांगली आहे, ती ठेवू दे, बारावी काढ.

कुपवाड_क्वालिटी
दहावी आणि सीईटी असेल आणि मध्ये बारावीच नसेल, तर मी पहिला प्रश्न तोच विचारतो. तुमच्या आयटीत वेगळं असेल. इथे सॉफ्टवेअर नाही, मी प्रिंट काढून चहा पिता पिता वाचतो.

स्नेहल_बाणेर
पण तो "कुठली पण कंपनी" म्हणालाय. पुण्याच्या मोठ्या कंपनीच्या पोर्टलवर टाकला तर सॉफ्टवेअरच वाचणार. म्हणून निदान दोन रकान्यांचं डिझाइन आणि आयकॉन तरी नकोत, सरळ खाली वाचत जाता येईल असा ठेव.

कुपवाड_क्वालिटी
हे मान्य. आणि मिरजकर, "कुठली पण कंपनी" हे डोक्यातून काढ. मशीन शॉपला द्यायचा कागद वेगळा आणि रोबोटिक्सच्या स्टार्टअपला वेगळा. तिथे लाइन फॉलोअर वर घे, इथे वर्कशॉप-ग्राफिक्स वर.

अण्णा_तासगाव
कुपवाडला मिरजेहून जायला एसटी बरी की रिक्षा? माझ्या नातवाला पण धाडायचं आहे. तो आयटीआयला आहे, फिटर ट्रेड.

मिरजकर_०७
अण्णा, मी सायकलने जाणार आहे. दादा, असं केलंय: वर नाव, फोन, ईमेल. मग शिक्षणाच्या चार ओळी. मग वर्कशॉप आणि ग्राफिक्स, मग रोबोट. वडिलांचं नाव, जन्मतारीख, ऑब्जेक्टिव्ह काढलं. एनएसएसचं काय करू? गावात शोषखड्डे खणले होते, खणायला बारा जण होतो, मापं मी घेत होतो. आणि फोटो?

कुपवाड_क्वालिटी
मापं घेत होतास ना, मग तेवढी एक ओळ ठेव. फोटोचं मला काही नाही. अजून एक, कॉलेजच्या ट्रेनिंग-प्लेसमेंटकडून इंटर्नशिपचं पत्र उद्याच मागून ठेव. आमच्या गेटवर ते पत्र असल्याशिवाय शॉपमध्ये सोडत नाहीत, आणि परीक्षा सुरू झाल्या की सहीला माणूस सापडत नाही.

स्नेहल_बाणेर
फोटो नकोच. आणि बारावीबद्दल मला अजून पटलेलं नाही.

हरिपूरचा_सुम्या
बारावी ठेव रे. मुलाखतीला मार्कशीट मागतातच.