संशयावरून आधी कामावरून काढू नका

'आमचा सीएनसी ऑपरेटर रात्री दुसऱ्या वर्कशॉपमध्ये काम करतो असे कळते. सकाळी उशिरा येतो. लगेच काढावे का?'

लगेच काढू नका. चौकशीविना केलेली बडतर्फी कामगार न्यायालयात टिकणे अवघड असते. आधी नेमणूकपत्रात दुसऱ्या नोकरीस मनाई आहे का, ते पाहा. मग हजेरीच्या पंचिंगच्या नोंदी आणि त्याच मशीनचे उत्पादन व रिजेक्शन यांचे तक्ते शेजारी ठेवा. उशीर आणि रिजेक्शन ठरावीक दिवशीच वाढत असेल, तर ते आरोपाला आधार देते. शेजारच्या कारखानदाराचे ऐकीव बोलणे देत नाही. आपल्या गोकुळ शिरगाव, शिरोलीच्या पट्ट्यात माणसे परस्परांना ओळखतात, त्यामुळे अफवाही लवकर पसरते.

त्यानंतर तारखांसह कारणे दाखवा नोटीस देऊन लेखी खुलासा मागवा. घरच्या अडचणीने तो जादा कमाई करत असेल आणि आपले काम बिघडत नसेल, तर लेखी समज पुरेशी आहे, असे मला मनापासून वाटते. मात्र आपल्या ग्राहकाचे ड्रॉइंग किंवा प्रोग्रॅम तिकडे गेला असेल, तर तो वेगळा व गंभीर आरोप ठरतो. त्यासाठी स्वतंत्र आरोपपत्र द्या आणि खातेनिहाय चौकशीत साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची संधी त्याला द्या. चौकशी होईपर्यंत निलंबित केल्यास पहिले ९० दिवस निम्मा निर्वाह भत्ता द्यावा लागतो.