शब्दचर्चा : 'रिबेट'ला लाभांश म्हणावं का?

दौतटाक : ग्राहक सहकारी संस्थेचा वार्षिक अहवाल मराठीत लिहायला घेतलाय. मसुद्यात असं वाक्य आहे : 'सभासदांना त्यांच्या ठेवी व खरेदीच्या प्रमाणात लाभांश देण्यात येईल.' दोन्हींना एकच शब्द वापरलेला मला खटकतो. खरेदीवर मिळतो त्याला, म्हणजे रिबेटला, मराठीत नेमकं काय म्हणावं?

शब्दवेडी : सूट म्हणा की. सरळ, सोपा शब्द.

खतावणी : सूट नाही चालणार. सूट बिल करतानाच मिळते, नफा होवो न होवो. रिबेट वर्षअखेर हिशेब मिटल्यावर, नफा उरला तरच. शिवाय सूट दिली की विक्रीची रक्कमच कमी होते. रिबेट हे नफ्याचं वाटप आहे.
आणि मसुद्यात 'ठेवी' चुकलंय. सभासदाने भागांपोटी भरलेले पैसे म्हणायचे असतील तर 'भाग' किंवा 'भागभांडवल' लिहा.

मधलीसुट्टी : माझी संस्थेत मुदत ठेव आहे. व्याज मिळालं, पण लाभांश नाही. म्हणजे माझा लाभांश बुडवला का?

खतावणी : नाही हो. ठेवीवरचं व्याज हा संस्थेचा खर्च. तो वजा झाल्यावरच नफा कळतो. लाभांश त्या नफ्यातून, तोही भागांवर. तुमच्यासारखा गोंधळ होतो म्हणूनच तो शब्द बदला म्हटलं.

पाटीपेन्सिल : गंमत म्हणजे अंकगणितातल्या 'डिव्हिडंड'ला आपण भाज्य म्हणतो, ज्याला भागायचं ते. लाभांश मात्र वाटून हातात आलेला तुकडा. आणि 1844 मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या विणकरांनी आणि इतर कामगारांनी जे सहकारी दुकान काढलं, तिथे भांडवलावर ठरावीक व्याज असे आणि उरलेला नफा खरेदीच्या प्रमाणात वाटत. डिव्हिडंड म्हणत ते त्यालाच! म्हणजे मूळ मसुदा अगदीच निराधार नाही.

दौतटाक : मग नाव एकच ठेवून भाग आणि खरेदी यांची बेरीज करून एकाच दराने वाटलं तर? हिशेबही सोपा होईल.

खतावणी : इथेच शब्दाची चूक आकड्यात उतरते. समजा, लाभांशासाठी 24,000 ठेवलेत आणि भागभांडवल 3,00,000 आहे. दर 8 टक्के. रिबेटसाठी 18,000 आणि सभासदांची खरेदी 6,00,000, म्हणून दर 3 टक्के. एका सभासदाचे भाग 10,000, खरेदी 30,000. त्याला लाभांश 800, रिबेट 900, मिळून 1,700. दुसऱ्याचे भाग 30,000 आणि खरेदी 10,000. त्याला 2,400 आणि 300, मिळून 2,700.
आता सगळं एकत्र करा : 42,000 भागिले 9,00,000, म्हणजे साधारण 4.67 टक्के. प्रत्येकाची बेरीज 40,000, म्हणून दोघांनाही सुमारे 1,867. भांडवल वर्षभर अडकून राहतं, खरेदी रोज येते-जाते; त्यांची बेरीज करणं म्हणजे विहिरीतलं पाणी आणि दिवसभर काढलेल्या घागरी एकत्र मोजणं.

शब्दवेडी : बरं, सूट मागे घेते. पण कुणी वर्षाच्या मध्यात भाग घेतले तर?

खतावणी : पोटनियमात महिन्यांप्रमाणे मोजायचं असेल तर 20,000 सहा महिने म्हणजे वर्षाचे 10,000. पण मग एकूण भांडवलही तसंच मोजायला हवं. वर एक पद्धत आणि खाली दुसरी, असं केलं की बेरीज जुळत नाही.

मधलीसुट्टी : मी सभासद नसतानाही तिथूनच सामान घ्यायचो. ते धरतील?

खतावणी : पोटनियमात रिबेट सभासदांनाच असेल तर नाही. मात्र तुमचा प्रश्न कामाचा आहे. वरच्याच उदाहरणात एकूण विक्री 7,50,000 असेल आणि कुणी घाईत त्या आकड्याने भागलं, तर दर 2.4 टक्के येतो. सभासदांना मिळून 14,400 जातात आणि 3,600 तसेच पडून राहतात. म्हणून यादी लावण्याआधी सगळ्यांच्या रिबेटची बेरीज करून पाहावी. रक्कम पूर्ण रुपयांत धरल्यामुळे दोन-चार रुपयांचा फरक पडतो, हजारांचा पडत नाही. परत केलेला मालही खरेदीतून वजा हवा.

दौतटाक : मग 'खरेदी परतावा' लिहू?

पाटीपेन्सिल : परतावा वाचून लोकांना गुंतवणुकीवरची कमाई आठवेल, नाहीतर परत केलेला माल. मी 'खरेदी-लाभांश' लिहीन. नफ्यातून येतो हे त्यात दिसतं.

खतावणी : आणि सभासद पुन्हा विचारतील, भागांवरचा की खरेदीवरचा? मी आजवर 'रिबेट'च लिहीत आलोय. काउंटरवरही तोच शब्द कळतो.

दौतटाक : सध्या दोन ओळी वेगळ्या करतो : 'भागांवरील लाभांश' आणि 'खरेदीवरील रिबेट'. 'ठेवी' खोडलं. पाटीपेन्सिल, तुमचा शब्द समितीपुढे ठेवतो, बघू काय म्हणतात.